"सर्वात जुनी आणि सर्वात मोठी": टॉवेलच्या खोक्यावरचा दावा कागदावर कसा तपासायचा?

धोटा

मंडळी, सोलापुरातल्या कापडधंद्यावर एका स्मरणिकेत चार पानं जाणार आहेत, संपादनाचं काम माझ्याकडे आलंय. एका टेरी टॉवेलवाल्या कंपनीने जाहिरातही दिली आणि स्वतःविषयीचा मजकूरही. नाव घेत नाही. मजकुराची सुरुवात अशी: "सोलापुरातील सर्वात जुने व सर्वात मोठे टेरी टॉवेल उत्पादक. स्थापना १९२१." हेच वाक्य त्यांच्या खोक्यावर आहे आणि वेबसाइटवरही आहे.

जाहिरातीत त्यांनी काय छापायचं ते छापोत. संपादकीय मजकुरात हे वाक्य जसंच्या तसं घ्यायला हात धजत नाही. पुरावा मागितला तर त्यांनी कार्यालयात फ्रेम करून लावलेल्या जुन्या बिलाचा फोटो पाठवला. बिलाची तारीख १४-८-१९५२. म्हणजे तेही १९२१ नाहीच. असा दावा कागदावर तपासायचा तर सुरुवात कुठून करायची?

नवीपेठकर

१९२१ म्हणजे फार झालं नाही हो. आमच्या गल्लीत एक शेंगाचटणीवाला आहे, त्याच्या पाटीवर दर दिवाळीला स्थापनेचं साल दहा वर्षांनी मागं जातं. अजून दोन दिवाळ्या गेल्या की तो पेशव्यांच्या आधी पोचतोय बघा.

हिशेबनीस_७१

सोपं आहे. जीएसटीच्या पोर्टलवर जीएसटीआयएन टाका, नोंदणीची तारीख दिसते. मी आत्ता दोन-तीन टॉवेलवाल्यांची पाहिली, सगळ्यांची १ जुलै २०१७. १९२१ कुठलं काढलंय? थाप आहे सरळसरळ.

दप्तरबंद

हिशेबनीस, १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला. त्याआधीपासून व्हॅट भरणारे बहुतेक सगळे त्याच दिवशी आत आले, म्हणून सगळीकडे तीच तारीख दिसते. त्या तारखेवरून धंद्याचं वय निघत नाही. उद्यम प्रमाणपत्राचंही तेच. त्यावरची सुरुवातीची तारीख मालकाने स्वतः भरलेली असते, कोणी तपासलेली नसते.

धोटा, आधी ते वाक्य फोडा. त्यात चार दावे एकत्र बांधलेत: सर्वात जुने, सर्वात मोठे, टेरी टॉवेल आणि १९२१. प्रत्येकाचा कागद वेगळा. "सर्वात जुने" खोटं ठरवायला आधीचा एकच स्पर्धक सापडला तरी पुरतं. "सर्वात मोठे" खरं ठरवायचं तर सगळ्यांची यादी हातात हवी. म्हणून आधी जुनेपणाकडे वळा.

कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, म्हणजे एमसीएच्या पोर्टलवर लॉगिन करून मास्टर डेटा बघा, पैसे लागत नाहीत. तिथे कंपनीचा ओळख क्रमांक, म्हणजे सीआयएन मिळेल. एकवीस अक्षरांचा असतो, त्यातलं साल हे कंपनी नोंदली गेल्याचं साल. बजाज ऑटोचा बघा:

```
L65993PN2007PLC130076
```

पहिलं अक्षर शेअर बाजारात नोंद आहे की नाही ते सांगतं, मग पाच आकडी उद्योगाचा क्रमांक, मग राज्य, मग साल. सोलापूर पुण्याच्या रजिस्ट्रारकडे येतं, त्यामुळे तुमच्या कंपनीच्या सीआयएनमध्येही एमएचऐवजी पीएन दिसण्याची शक्यता आहे. दिसलं तर दचकू नका.

ताणाबाणा

बजाज ऑटो २००७ ची? आमच्या वडिलांची चेतक ७८ ची होती की ओ!

दप्तरबंद

त्यासाठीच तर हे उदाहरण घेतलं. मूळ बजाज ऑटो १९४५ ची. कंपनीचं विभाजन झालं तेव्हा दुचाकीचा धंदा २००७ मध्ये नोंदलेल्या नव्या कंपनीकडे गेला आणि जुन्या कंपनीचं नाव बदलून बजाज होल्डिंग्ज झालं. म्हणजे १९४५ चा सीआयएन गुंतवणूक कंपनीकडे आणि स्कूटरी २००७ च्या कंपनीकडे. कायद्याने बघितलं तर साल एक, धंद्याने बघितलं तर दुसरं. दोन्ही खरी आहेत, फक्त कुठलं साल कशाचं आहे ते सांगावं लागतं.

किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचंही असंच, आत्ताच्या कंपनीची नोंद २००९ ची. सीआयएनमधलं साल बघून कोणाला खोटं पाडायला निघालात तर तोंडावर पडाल. पुढचा कागद बघायचा एवढंच ते सांगतं.

धोटा

पाहिला. सीआयएनमध्ये १९९४ आहे. आता पुढे?

दप्तरबंद

आता त्या कंपनीची घटनापत्रिका काढा. पोर्टलवर 'व्ह्यू पब्लिक डॉक्युमेंट्स'मध्ये एका कंपनीमागे शंभर रुपये भरले की ठरावीक वेळेपुरते कागद उघडतात. कंपन्यांचं काम २००६ पासून ऑनलाइन झालं, आधीचे कागद काहींचे स्कॅन झालेत, काहींचे नाहीत. स्कॅन नसेल तर पुण्याच्या कार्यालयातून नक्कल मागावी लागते.

घटनापत्रिकेत मुख्य उद्देशाचं पहिलं कलम वाचा. जुना धंदा चालू स्थितीत ताब्यात घेण्यासाठी कंपनी काढली असेल तर तिथे "मेसर्स अमुक या भागीदारी संस्थेचा चालू व्यवसाय" असं साधारणपणे लिहिलेलं असतं. कंपनीला जुन्या धंद्याशी जोडणारी दोरी ती. ते कलमच नसेल तर १९९४ च्या मागे जायला कंपनीने दुसरा काहीतरी कागद दाखवायला हवा.

कडकभाकरी

मला एक सांगा, आमचे आजोबा मागवाले होते. मागाचे लाकडी खांब अजून घरात आहेत. आम्ही "१९१५ पासून" लिहू शकतो का? मुलगा आता ऑनलाइन चादरी विकतोय.

नवीपेठकर

लिहा की. खांबाला सीआयएन कुठं असतो.

दप्तरबंद

कडकभाकरी, "आमच्या घराण्यात १९१५ पासून विणकाम" असं लिहिलंत तर कोणाचं काही म्हणणं नाही, खरं असलं म्हणजे झालं. "स्थापना १९१५" लिहिलंत तर तेव्हा काय स्थापन झालं, हा प्रश्न येणार. मुलाचा धंदा आजोबांच्या धंद्यातून आला की मध्ये वीस वर्षं माग बंद होते, ते तुम्हालाच ठाऊक.

धोटा

कलम सापडलं! एका भागीदारी संस्थेचा "टॉवेल, चादर व इतर कापड विणण्याचा चालू व्यवसाय" घेण्यासाठी कंपनी काढली असं लिहिलंय. संस्थेचं नाव जवळजवळ तेच, फक्त शेवटी "अँड सन्स".

सनदी_ताई

आता रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे जा. फर्मच्या नोंदवहीचा उतारा कोणालाही मागता येतो, तुम्ही भागीदार असायची गरज नाही. भागीदारी कायद्याच्या ६६ व्या कलमात बघण्याचा हक्क आहे आणि ६७ व्या कलमात नक्कल घेण्याचा.

उतारा हातात आला की बहुतेकजण फक्त नोंदणीची तारीख बघतात. तसं करू नका. नोंदणीच्या अर्जात प्रत्येक भागीदार कधी आत आला ती तारीख लिहावी लागते. त्या तारखा ओळीने मांडा. सर्वात आधीचा भागीदार जर १९५८ ला आला असेल तर उताऱ्यापुरती फर्म १९५८ ची. पुढे कोण निघाला, कोण वारला, कोणाची मुलं आली, हे सगळं फेरबदलाच्या नोंदींत असतं. घरातली वाटणीसुद्धा तिथेच दिसते.

आणखी एक. भागीदारी संस्थांची नोंदणी १९३२ च्या कायद्याने आली. त्यामुळे कोणी "१९२१ ची नोंदणीकृत भागीदारी" म्हणालं तर तिथेच थांबवा. तेव्हा असं रजिस्टरच नव्हतं.

हिशेबनीस_७१

मग झालंच की. १९२१ चा उतारा असूच शकत नाही, म्हणजे दावा खोटा.

सनदी_ताई

नाही हो. नोंदणी ऐच्छिक आहे, तेव्हाही होती. फर्म आधी वीस वर्षं चालू असेल आणि कोर्टात जायची वेळ आली तेव्हा नोंदली असेल. बिननोंदणीच्या फर्मला करारावरून दावा लावता येत नाही, त्या भीतीने पुष्कळांनी उशिरा नोंद केली. तेव्हा उतारा सांगतो की "निदान या तारखेला तरी होती". "याआधी नव्हती" असं तो सांगत नाही. पण १९२१ म्हणायचं तर त्यांनी दुसरं काहीतरी दाखवावं. सिद्ध करण्याचं ओझं दावा करणाऱ्यावर.

रेपिअर

तुम्ही सगळे सालावर अडकलात, वस्तूकडे कोणी बघेना. टेरी टॉवेल साध्या मागावर निघत नाही. त्याला ताण्याच्या दोन बीम लागतात, एक जमिनीच्या ताण्याची आणि एक फासाच्या ताण्याची. जमिनीची ताणून ठेवतात, फासाची सैल सोडतात. तीन आडव्या धाग्यांच्या टेरीत पहिले दोन धागे विणून झालेल्या कापडापासून थोडे लांब ठेवायचे, तिसऱ्याला फणी तिन्ही एकदम ठोकते. तेव्हा सैल ताणा वर उचलला जाऊन फास उभा राहतो. साडीच्या हातमागात हे होत नाही, माग बदलावा लागतो.

म्हणून पणजोबा १९२१ ला साड्या विणत असतील तर "विणकर १९२१ पासून" बरोबर, "टेरी टॉवेल उत्पादक १९२१ पासून" चूक. धोटा, भागीदारीच्या करारपत्रात धंद्याचं कलम असतं, त्यात काय विणायचं लिहिलंय ते बघा. पॉवरलूमचे जुने परवाने त्यांच्याकडे असतील तर तेही मागा.

धोटा

दोन गोष्टी हातात आल्या.

उतारा: फर्मची नोंदणी १९६३ ची, तीन भागीदार. दोघे आत आल्याची तारीख १९५८, तिसऱ्याची १९६३.

करारपत्र कंपनीनेच दिलं, त्याबद्दल त्यांचे आभार. मूळ करारात धंदा "रंगीत साड्या, चादरी व तत्सम कापड". १९७१ च्या सुधारित करारात पहिल्यांदा "टर्किश टॉवेल" हे शब्द येतात.

रेपिअर

टर्किश टॉवेल म्हणजेच टेरी. बाजारात तेव्हा तेच नाव चालायचं.

ताणाबाणा

मग १९७१. पन्नास वर्षं हवेत गेली. आता बिलाचं काय? १९५२ चं बिल आहे म्हणे ना भिंतीवर?

दप्तरबंद

धोटा, त्या बिलाचा फोटो मोठा करून तीन गोष्टी बघा. पत्त्यात पिनकोड आहे का, रक्कम कशी लिहिलीय, आणि राज्याचं नाव काय.

धोटा

पत्ता: "... पेठ, सोलापूर ४१३ ००५, महाराष्ट्र". रक्कम छापील रकान्यात "रु. ४७.५०". वर उजवीकडे "स्थापना १९२१". तारीख शाईने, १४-८-१९५२.

दप्तरबंद

मग ते १९५२ चं बिल नाही. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० चं. आणि दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून, त्याआधी साडेसत्तेचाळीस रुपये "४७-८-०" असे लिहायचे, आठ आणे. एका कागदावर तिन्ही चुका म्हणजे कागद १९७२ नंतर छापलेला.

लगेच बनावट म्हणू नका मात्र. पुष्कळदा मूळ बिल वाळवीने खाल्लेलं असतं, मग वर्धापनदिनाला कोणीतरी हाताशी असलेल्या बिलबुकावर ते "पुन्हा लिहून" फ्रेम करतं. हेतू फसवण्याचा असेलच असं नाही. पुरावा म्हणून मात्र त्याची किंमत शून्य.

नवीपेठकर

तीन दिवसांनी का असेना, या धाग्यात पहिल्यांदा टाळ्या वाजवाव्या वाटल्या.

कडकभाकरी

म्हणजे जुन्या कागदावर इंग्रजीत स्पेलिंग कसं आहे तेही बघायचं ना? आमच्या घरच्या पावत्यांवर सोलापूरला एस-एच लावलंय.

दप्तरबंद

बरोबर, आणि शोधताना तर ते फारच महत्त्वाचं. इंग्रजी काळातल्या नोंदींत शहराचं नाव `Sholapur` आहे. `Solapur` टाकून शोधलंत तर निम्मं काही सापडत नाही आणि लोक म्हणतात "रेकॉर्डच नाही". १८८४ चं मुंबई इलाख्याचं विसावं गॅझेटिअर आपल्या जिल्ह्याचं, तेही `Sholapur` या नावाने. स्कॅन केलेल्या पुस्तकात शोध घेताना जुना टाइप मशीनला नीट वाचता येत नाही, म्हणून नाव सापडलं नाही तर विणकाम-व्यापाराचं प्रकरण डोळ्यांनी वाचा.

भुईकोट

जुनेपणा निघालाच आहे तर विचारतो, जुनी गिरणी १८७४ ची की १८७७ ची? शाळेत एक सांगितलं, पाटीवर दुसरं वाचलं.

दप्तरबंद

दोन्ही. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी १८७४ ची, गिरणी चालू झाली १८७७ मध्ये. कंपनी काढली, इमारत उभी केली, यंत्रं विलायतेहून आली, तोवर वर्षं जाणारच. रेल्वे १८६० लाच इथवर आली होती, म्हणून यंत्रं आणणं आणि सूत पाठवणं जमलं.

"शहरातली पहिली गिरणी" हा दावा टिकतो. "पहिली" म्हणजे कुठल्या अर्थाने, ते मात्र सगळीकडे विचारावं लागतं. देशातली पहिली कापड गिरणी म्हणून मुंबईच्या कावसजी दावर यांचं नाव घेतात, कंपनी १८५४ ची, काम १८५६ ला सुरू. पण कलकत्त्याजवळ बौरियाला १८१८ मध्येच सुताची गिरणी निघाली होती. कोणी म्हणतं ती धरायची, कोणी म्हणतं वाफेवर नीट चाललेली पहिली मुंबईचीच.

भुईकोट

आणि ती "आशियातली सर्वात मोठी" होती, हे खरं ना?

हिशेबनीस_७१

अर्थात. सगळे तेच सांगतात.

सनदी_ताई

सगळे सांगतात हाच तर प्रॉब्लेम. मोठी कशात? चात्या, माग, कामगार, भांडवल? मुंबईच्या गिरणीमालक संघाच्या वार्षिक अहवालांत प्रत्येक गिरणीच्या चात्या, माग आणि कामगार यांचे तक्ते छापलेले असायचे, मुंबईबाहेरच्या गिरण्यांचेही. एकाच वर्षाचा तक्ता घ्या, सोलापूरची ओळ मुंबईच्या मोठ्या गिरण्यांच्या ओळींशेजारी ठेवा. साल बदललं की क्रम बदलतो, म्हणून "अमुक सालच्या तक्त्याप्रमाणे" असंच लिहायचं. आणि आशिया म्हटलं की जपानच्या गिरण्या कुठल्या तक्त्यात बघायच्या, तेही सांगायला लागेल.

भुईकोट

गावाच्या अभिमानावर पाणी ओतलंत ताई.

सनदी_ताई

ओतलं नाही हो. तक्ता काढा, निघाली मोठी तर छातीठोक छापा.

वकीलसाहेब_रेल्वेलाईन्स

अवांतर. गिरणी अखंड चालली असा दावा कोणी केला तर सुप्रीम कोर्टाचा १९५० चा चरणजितलाल चौधरी खटला वाचा. १९४९ मध्ये गिरणी बंद पडली, १९५० मध्ये आधी वटहुकूम आणि मग कायदा करून सरकारने कारभार ताब्यात घेतला. कायद्याचा अभ्यास करणारा देशातला प्रत्येकजण हा खटला वाचतो, सोलापूरकर वाचत नाही. निवाड्यात कंपनीची बरीच माहिती आपोआप येते. कंपन्यांचा इतिहास तपासायला जुने निवाडे फार उपयोगी, कारण तिथे समोरची बाजू खोटं खपवून घेत नाही.

दप्तरबंद

हे बरोबर. टॉवेलवाल्यांच्या घरातही वाटणीवरून कधी दावा झाला असेल, तर कैफियतीत धंदा कधी सुरू झाला ते लिहिलेलं असेल. ट्रेडमार्कचंही तसंच. धोटा, त्यांच्या छापाचा ट्रेडमार्क बघितलात का? ट्रेडमार्कच्या सार्वजनिक शोधात छापाचं नाव टाका, वर्ग २४ निवडा, कापड आणि टॉवेल त्यात येतात. अर्जात "वापर कधीपासून" असा रकाना असतो.

धोटा

पाहिला. अर्ज १९९६ चा. माल: टर्किश टॉवेल आणि बेडशीट. वापर ०१/०४/१९५८ पासून.

ताणाबाणा

म्हणजे खोक्यावर १९२१, सरकारला १९५८! स्वतःच्याच सहीने.

दप्तरबंद

तेच. फक्त लक्षात ठेवा, वापराची तारीख अर्जदार स्वतः लिहितो, कोणी हरकत घेतली नाही तर तशीच राहते. इथे १९५८ म्हणजे फर्म निघाल्याची तारीख उचलून टाकलेली दिसते, कारण टॉवेल करारात १९७१ ला आलाय. तरीही या नोंदीचा उपयोग आहे. कायदेशीर कागदावर जुनं साल मिळालं तर अर्जदाराचाच फायदा असतो, तिथेही १९२१ लिहिलं नाही यावरून काय ते समजा.

आता स्पर्धक. ट्रेडमार्कचा शोध नावावरून होतो, "टॉवेल"चे सगळे अर्ज सालवार लावून मिळत नाहीत. म्हणून गावातल्या जुन्या टॉवेल छापांची नावं बाजारातून गोळा करा आणि एकेक टाकून बघा.

धोटा

नऊ नावं टाकली. एका छापाच्या अर्जात टर्किश टॉवेलसाठीच वापर १९६६ पासून. दुसऱ्या एकाचा १९६९.

हिशेबनीस_७१

पण तुम्हीच म्हणालात ही तारीख स्वतः लिहिलेली असते. मग १९६६ वाल्याचं तरी खरं कशावरून?

दप्तरबंद

रास्त प्रश्न. सारख्याला सारखं लावा. ट्रेडमार्कच्या अर्जातच बघितलं तर आपले १९५८ वाले पुढे आहेत. करारपत्राने बघितलं तर ते १९७१ ला येतात, मग १९६६ वाल्यांचंही करारपत्र बघायला हवं. तोवर "सर्वात जुने" हे सिद्धही होत नाही आणि पक्कं खोटंही पडत नाही. पण संपादकाने ते छापू नये इतपत नक्की झालं.

ताणाबाणा

थांबा, एक गोची आहे. हे "अँड सन्स" म्हणजे ज्यांचे चुलतभाऊ पलीकडच्या पेठेत वेगळा कारखाना चालवतात तेच ना? त्यांच्या खोक्यावरही स्थापना १९२१ आहे.

धोटा

नाव घ्यायचं नाही असं ठरलंय. पण उताऱ्यात एक भागीदार १९८३ ला निघालेला दिसतो.

सनदी_ताई

मग वारसा कोणाचा? जो फर्ममध्ये राहिला त्याच्याकडे नोंदवही आहे. जो बाहेर पडला त्याने कदाचित माग नेले, कारागीर नेले, जुनी जागा नेली. स्टेट बँकेसारखं आहे हे. १ जुलै १९५५ ची म्हणा, नाहीतर १८०६ च्या बँक ऑफ कलकत्तापासूनची म्हणा. तिथे निदान इंपीरियल बँकेमधून एकच सलग ओळ येते. इथे ओळीला दोन फाटे फुटलेत.

दप्तरबंद

माझ्या मते फर्म ज्याच्याकडे राहिली त्याचंच साल.

रेपिअर

मला नाही पटत. धंदा मागावर चालतो, नोंदवहीवर नाही. माग आणि विणकर पलीकडच्या पेठेत गेले असतील तर जुना कारखाना तिकडेच गेला.

वकीलसाहेब_रेल्वेलाईन्स

वाटणीपत्रात नावाचा हक्क कोणाला दिलाय ते बघा. तो नोंदवलेला नसेल तर दोघेही १९२१ लिहीत राहणार.

धोटा

वाटणीपत्र काही मिळणार नाही, ते सोडून देतो. "सर्वात मोठे" राहिलं.

दप्तरबंद

कंपनीला दरवर्षी ताळेबंद रजिस्ट्रारकडे भरावा लागतो, त्याच शंभर रुपयांत विक्री दिसेल. पण सोलापुरातले कितीतरी टॉवेलवाले भागीदारीत किंवा एकट्याच्या नावावर आहेत, त्यांचा ताळेबंद लोकांना बघायला मिळत नाही. मग तुलना करणार कोणाशी? "नोंदणीकृत कंपन्यांपैकी विक्रीत पहिली, अमुक आर्थिक वर्ष" एवढंच फार तर म्हणता येईल, तेही बाकीच्या कंपन्यांचे ताळेबंद काढून झाल्यावर.

रेपिअर

आणि मागांच्या संख्येवर तर मुळीच जाऊ नका. साध्या पॉवरलूमचे शंभर माग असलेला स्वतःला मोठा म्हणेल. शेजारी रेपिअरचे वीस माग असतील तर एकेक माग साध्यापेक्षा कितीतरी जास्त कापड काढतो. मोजायचंच तर वर्षाला किती किलो सूत लागतं ते विचारा. सुताची बिलं खोटी करणं अवघड, कारण समोर सूतवाल्याची बिलं असतात.

कडकभाकरी

पण टॉवेल कोणाचा चांगला, ते कोणी सांगितलंच नाही.

नवीपेठकर

ओला करून बघा.

वकीलसाहेब_रेल्वेलाईन्स

धोटा, त्यांच्या जाहिरातीलाही हे लागू होतं बरं का. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, आणि एएससीआय या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियंत्रण संस्थेची संहिताही म्हणते की "सर्वात" म्हणायचं तर आधार दाखवता आला पाहिजे. तुम्ही छापणारे आहात, त्यांना एक पत्र देऊन आधार मागून ठेवा. उत्तर आलं नाही तरी पत्राची पोच फाइलला असू द्या.

धोटा

सर्वांचे आभार. पत्र दिलं. त्यांनी फोनवर "सगळेच असं लिहितात" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी जाहिरातीतून "सर्वात मोठे" काढलं. "सर्वात जुने" ठेवलंय, ती त्यांची जबाबदारी.

माझ्या मजकुरात असं जातंय: "कुटुंबात १९२१ पासून विणकाम असल्याचे कंपनी सांगते. भागीदारी संस्थेची नोंदणी १९६३ ची असून भागीदारांची सर्वात आधीची तारीख १९५८ आहे. टर्किश टॉवेलचा उल्लेख १९७१ च्या करारात येतो. सध्याची कंपनी १९९४ मध्ये नोंदली गेली." बिलाचा फोटो वापरत नाही.

ताणाबाणा

पलीकडच्या पेठेतल्यांचाही फोन आला असेल ना?

धोटा

आला. त्यांनाही स्मरणिकेत जाहिरात द्यायची आहे. स्थापना १९२१.